क्रिएटिनिन ‘थोडे वाढले’ म्हणजे किती?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये तपासणीच्या नावापुढे आकडा, एकक आणि ‘नॉर्मल’ची मर्यादा छापलेली असते. फोनवरून नातेवाइकांना मात्र बहुधा एवढेच कळवले जाते : ‘क्रिएटिनिन थोडे वाढले आहे, बाकी सगळे नॉर्मल.’ एवढ्यावरून फक्त काय मोजले ते समजते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात; गाळण मंदावली की तो रक्तात साचतो. पण गाळण खरोखर मंदावली आहे का, हे ‘थोडे वाढले’ या शब्दांतून कळत नाही.

नुसता आकडा कळला तरी अडचण उरते. भारतातल्या लॅब क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. इकडचे १.१ तिकडे ९७ होते. लंडनहून मुलाने ‘माझे ९७ आले’ असे कळवले, तर पुण्यातल्या आईवडिलांच्या छातीत धस्स होईल. रक्त मात्र तेच, फक्त माप वेगळे.

सर्वांत फसवी असते ती मर्यादा. ती साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या आकड्यांवरून ठरवतात, त्यामुळे वीसातला एक निरोगी माणूसही तिच्या बाहेर पडतो. शिवाय ती माणसाचे वय आणि अंगकाठी पाहतेच असे नाही. समजा, एका लॅबची मर्यादा ०.६ ते १.२ आहे. सत्तर वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईंचे क्रिएटिनिन १.१ आले, म्हणजे ‘नॉर्मल’. तीस वर्षांच्या, व्यायाम करणाऱ्या ८० किलोच्या तरुणाचे १.३ आले, म्हणजे ‘वाढलेले’. १९७६ पासून वापरात असलेल्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात वय, वजन आणि स्त्री-पुरुष हा फरक घालून हिशेब केला, तर तरुणाची गाळण मिनिटाला सुमारे ९४ मिलिलिटर येते आणि बाईंची जेमतेम ३४. बाईंचे स्नायूच कमी असल्याने क्रिएटिनिन कमी तयार होते, म्हणून मंदावलेली गाळणही आकड्यात दिसत नाही. हाही अंदाजच, पण काही औषधांचा डोस कमी करावा का, हे डॉक्टर अशाच अंदाजावरून ठरवतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या निरोपात नेमकी ही गोष्ट हरवते.

म्हणून निरोप देताना रिपोर्टची पूर्ण ओळ, रुग्णाचे वय व वजन आणि जुना रिपोर्ट सोबत हवा, शक्यतो त्याच लॅबचा, कारण तपासणीची पद्धत बदलली तरी आकडा थोडा हलतो. त्याच बाईंचे क्रिएटिनिन वर्षापूर्वी ०.७ असेल, तर दोन्ही रिपोर्ट ‘नॉर्मल’ असूनही गाळण एक तृतीयांशाहून अधिक घटलेली असू शकते. जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले तरी असे घडते. अशा वेळी डॉक्टर पाणी भरून निघाल्यावर तपासणी पुन्हा करायला सांगतात.