प्लंबरची बेरीज लिफ्टवाल्याच्या खात्यात नको

आमच्या सोसायटीचं खजिनदारपद माझ्याकडे आलं, तेव्हा सोबत एक्सेलची एक फाइल आली. त्यात ठेकेदारांना दिलेल्या पैशांची यादी होती आणि शेजारी चालती बेरीज. पण ती वरपासून खालपर्यंत सलग धावत होती. प्लंबरचे पैसे संपले की त्याच आकड्यावर लिफ्टवाल्याचे चढत होते. अशा बेरजेचा उपयोग शून्य, कारण मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: कोणत्या ठेकेदाराला दिलेली एकूण रक्कम आर्थिक वर्षात १ लाखाच्या पुढे जातेय? एकच बिल ३०,००० च्या वर असेल किंवा वर्षाची बेरीज लाखावर गेली, तर टीडीएस कापावा लागतो. एखादं मोठं बिल चटकन नजरेत भरतं. बारीक बारीक बिलं मात्र चोरपावलांनी लाखापर्यंत पोचतात.

जुन्या वहीत ही अडचण नव्हती. रोजकीर्दीतल्या नोंदी खतावणीत जायच्या, तिथे प्रत्येकाचं पान वेगळं आणि पान बदललं की बेरीज नव्याने. एक्सेलमध्ये पान उलटत नाही, म्हणून नाव बदललं हे सूत्रालाच ओळखायला लावायचं.

समजा A मध्ये तारीख, B मध्ये ठेकेदार, C मध्ये रक्कम आहे. आधी यादी ठेकेदारानुसार आणि मग तारखेनुसार लावून घ्यायची. पहिल्या ओळीत मथळे, म्हणून D2 मध्ये हे लिहायचं आणि खाली ओढायचं:

```
=IF(B2=B1,D1+C2,C2)
```

नाव वरच्या ओळीतलंच असेल तर वरच्या बेरजेत आजची रक्कम मिळवा, नसेल तर आजच्या रकमेपासून सुरुवात करा, एवढंच ते म्हणतं. D2 साठी वर फक्त ‘ठेकेदार’ हा मथळा आहे, तो प्लंबरशी जुळत नाही, त्यामुळे पहिली ओळ आपोआप नीट सुरू होते.

प्लंबरची पाच बिलं होती: १८,०००, २२,५००, २७,०००, १६,००० आणि १९,५००. बेरीज चढत गेली १८,०००, ४०,५००, ६७,५००, ८३,५०० आणि १,०३,०००. एकही बिल ३०,००० चं नाही, तरी पाचव्याला लाख ओलांडला. सहाव्या नोंदीला लिफ्टवाला आला, २४,०००, आणि बेरीज पुन्हा २४,००० वर.

पहिल्याच वर्षी मी फसलो ते एका रिकाम्या जागेमुळे. चौथ्या नोंदीत ‘प्लंबर’नंतर कुणाचा तरी स्पेसबार दाबला गेला होता. डोळ्यांना फरक दिसत नाही, एक्सेलला दिसतो. बेरीज ६७,५०० वरून एकदम १६,००० वर आली आणि पुढच्या ओळीत नाव पुन्हा ‘बदललं’ म्हणून १९,५०० वर. लाख कधी गाठलाच नाही! शंका आली की `=LEN(B5)` लिहून पाहावं. ‘प्लंबर’ची लांबी ६ येते (पाय मोडल्याची खूण आणि अनुस्वारही मोजले जातात). ७ आली तर चोर सापडला. वेगळ्या स्तंभात `=TRIM(B5)` लिहून नावं साफ करून घ्यावीत.

यादी तारखेनेच ठेवायची असेल, म्हणजे आज प्लंबर, उद्या लिफ्ट, परवा पुन्हा प्लंबर, तर वरचं सूत्र कामाचं नाही. ते दर ओळीला नव्याने सुरुवात करेल. मग हे:

```
=SUMIF(B$2:B2,B2,C$2:C2)
```

डॉलरमुळे सुरुवात दुसऱ्या ओळीला खिळून राहते आणि शेवट खाली खाली सरकतो. प्रत्येक ओळीपर्यंत त्या नावाचं जे काही आलंय, त्याची बेरीज मिळते. यात मधली ओळ काढून टाकली तरी चालतं. पहिल्या सूत्रात मात्र लगेच `#REF!` दिसतं, कारण ज्या वरच्या खान्यावर ते टेकलेलं असतं तोच नाहीसा होतो.

तरी मी शक्यतो पहिलंच वापरतो. कारण आपली सवय: रकमेपुढे ‘/-’ लिहिणं. कुणी २२५००/- टाकलं की एक्सेलसाठी तो आकडा उरत नाही, मजकूर होतो. पहिलं सूत्र तिथेच `#VALUE!` म्हणून बोंब मारतं आणि त्या ठेकेदाराच्या उरलेल्या सगळ्या ओळींत मारत राहतं. SUMIF मुकाट्याने ती रक्कम गाळून पुढे जातो. प्लंबरची शेवटची बेरीज ८०,५०० दिसते, आणि खजिनदार निर्धास्तपणे पूर्ण रकमेचा चेक लिहितो.