काळ्या पडद्यावरचा उजळ कोपरा

नव्या मॉनिटरच्या कोपऱ्यातून उजेड झिरपतो अशी तक्रार घेऊन गेलं, की दुकानात बहुधा पहिला सल्ला मिळतो, "ब्राइटनेस कमी करून बघा." हा सल्ला पत्रातच निकाली काढता येतो. त्यासाठी दोष कुठे आहे आणि तो सेटिंगने का जाणार नाही, हे पत्र लिहिणाऱ्याला कळलेलं हवं.

एलसीडी पडद्यातले लिक्विड क्रिस्टल स्वतः प्रकाश देत नाहीत. मागे एलईडी दिव्यांचा बॅकलाइट सतत जळत असतो आणि क्रिस्टल त्याचा प्रकाश सोडतात किंवा अडवतात. पूर्ण काळ्या चित्रातही थोडा प्रकाश निसटतोच. आयपीएस पॅनलमध्ये पांढरा रंग काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो. पण चौकट कुठे जास्त आवळली गेली किंवा आतले थर नीट बसले नाहीत, तर तेवढ्या भागातून प्रकाश जास्त गळतो. यालाच बॅकलाइट ब्लीड म्हणतात.

असा मॉनिटर परत करणाऱ्या ग्राहकाचं पत्र कसं असावं, याचा हा नमुना:

"स.न.वि.वि. आपल्या दुकानातून घेतलेल्या २७ इंची आयपीएस मॉनिटरवर काळं चित्र असताना उजव्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा पिवळसर उजेड दिसतो. रात्री खोलीत दिवा चालू असतानाही चित्रपटातले अंधारे प्रसंग त्या भागात धुरकट होतात. मी पुढील गोष्टी करून पाहिल्या आहेत.

१. मेनूतून फॅक्टरी रीसेट केला. फरक नाही.
२. ब्राइटनेस १०० वरून ३० वर आणला. सगळा पडदा मंद झाला, पण कोपरा इतर भागापेक्षा उजळच राहिला.
३. एचडीआर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि ब्लॅक इक्वलायझर बंद केले. आरजीबी रेंज 'फुल' आणि 'लिमिटेड' दोन्ही लावून पाहिली.
४. केबल आणि पोर्ट बदलले, दुसरा लॅपटॉप जोडला. डाग तोच.
५. मॉनिटर अर्धा तास तापू दिला. मग मागे जाऊन आणि बाजूला सरकून पाहिलं. डाग जागचा हलला नाही.

फोटो, बिलाची प्रत आणि सिरीयल नंबर सोबत जोडले आहेत. मॉनिटर उघडलेला नाही. तो बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत, ही विनंती. कळावे."

यातली प्रत्येक ओळ एकेक शंका दूर करते. ब्राइटनेसचंच बघा. समजा, काळ्या चित्रात पडद्याच्या मध्यावर ०.२५ निट्स प्रकाश आहे आणि कोपऱ्यात १ निट. बॅकलाइट निम्मा केला, तर हे आकडे ०.१२५ आणि ०.५ होतील. कोपरा आधीही चौपट उजळ होता, आताही चौपटच आहे. आरजीबी रेंज चुकली, तर सगळाच काळा रंग राखाडी होतो, एकटा कोपरा नाही. केबल किंवा लॅपटॉपचा दोष असता, तर ते बदलल्यावर चित्रात फरक पडला असता.

पाचवी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. आयपीएस पडद्यावर तिरकं पाहिलं की कोपऱ्यांत एक चमक दिसते. तिला आयपीएस ग्लो म्हणतात आणि ती त्या पॅनलचा स्वभावच असतो. आपण मागे किंवा बाजूला सरकलो, की ग्लो कमी होतो किंवा जागा बदलतो. ब्लीड मात्र जिथल्या तिथे राहतो. हा फरक पत्रात नोंदवलेला नसेल, तर "आयपीएसमध्ये असं असतंच" या उत्तरापुढे ग्राहकाकडे बोलायला काही उरत नाही.

फोटोही जपून काढावा. मोबाइलचा कॅमेरा अंधारात आपोआप जास्त प्रकाश घेतो, त्यामुळे किरकोळ ब्लीडही भयंकर दिसतो. एक्स्पोजर लॉक करून फोटो डोळ्यांना दिसतो तितपतच उजळ ठेवावा. फुगवलेला फोटो दुकानातल्या तंत्रज्ञाला लगेच ओळखू येतो आणि मग खऱ्या दोषावरचाही विश्वास उडतो. चौकटीचे स्क्रू सैल करण्याचा किंवा पडदा दाबून पाहण्याचा मोहही टाळावा. मॉनिटर उघडल्याची खूण दिसली, की वॉरंटी नाकारायला कारण मिळतं.

थोडासा ब्लीड बहुतेक एलसीडी पडद्यांत असतो. किती ब्लीड म्हणजे दोष, याची सर्वमान्य रेषा नाही. म्हणूनच नमुन्यातला ग्राहक निव्वळ काळ्या चित्रावर थांबत नाही. दिवा चालू असताना, नेहमीचा चित्रपट पाहताना काय बिघडतं, ते तो सांगतो.

दुकान तरीही ऐकत नसेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही त्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते. म्हणून चाचण्या खरेदीनंतर लगेच कराव्यात, पत्र मुदतीच्या आत द्यावं आणि आपल्या प्रतीवर दुकानाची तारखेसह पोच घ्यावी. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करताना किंवा जिल्हा आयोगाकडे जाताना हीच प्रत पुरावा म्हणून कामी येते.