वायरफ्रेमचे परीक्षण : किराणा अ‍ॅपमधील चेकआउटच्या एका आराखड्याचा विचार

वायरफ्रेम म्हणजे अ‍ॅपच्या स्क्रीनचा केवळ रेषा, चौकटी आणि शब्द यांनी मांडलेला आराखडा होय. त्यात रंग नसतो, छायाचित्रे नसतात आणि अक्षरांचे वळणही ठरलेले नसते. चित्राच्या जागी फुली मारलेली चौकट व बटणाच्या जागी नाव लिहिलेला आयत, एवढ्यावर त्याचे काम भागते. असा आराखडा परीक्षणासाठी पुढे आला असता त्यात पाहण्याजोगे अद्याप काही नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु कोणती गोष्ट आधी विचारावयाची, कोणती नंतर सांगावयाची आणि एखादी गोष्ट बिघडली तर ग्राहकाला कोठे न्यावयाचे, हे सर्व याच अवस्थेत ठरून जाते. पुढे रंगरूप चढले की परीक्षकांची चर्चा रंगरूपाकडे वळते. शिवाय तेव्हा क्रम बदलावयाचा म्हटल्यास तयार झालेल्या स्क्रीन पुन्हा काढाव्या लागतात. म्हणून क्रमाचे परीक्षण याच टप्प्यावर झाले पाहिजे.

हे परीक्षण कसे करावयाचे, हे एका नमुन्यावरून पाहणे सोयीचे होईल. घरपोच किराणा पुरविणाऱ्या एका अ‍ॅपच्या चेकआउटचा आराखडा पाच स्क्रीनचा आहे, असे समजू. पहिल्या स्क्रीनवर कार्ट, दुसऱ्यावर मोबाइल क्रमांक व ओटीपी, तिसऱ्यावर पत्ता, चौथ्यावर माल पोचविण्याची वेळ आणि पाचव्यावर पैसे देण्याची सोय. त्यानंतर ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ अशा दोन चौकटी काढलेल्या आहेत. प्रत्येक स्क्रीन स्वतंत्रपणे पाहिली तर नीटनेटकी आहे. मालाच्या नावाच्या जागी ‘वस्तू १’, ‘वस्तू २’ असे लिहिले असून किमतीच्या जागी नुसते शून्य आहे.

परीक्षणाची पहिली पायरी म्हणजे ही शून्ये पुसून तेथे एका खऱ्या घराची खरी यादी लिहिणे. पुण्यातील एका घराने पाच किलो तांदूळ ३०० रुपये, अर्धा किलो तूरडाळ ८० रुपये, एक किलो टोमॅटो ४० रुपये, एक लिटर दूध ६० रुपये आणि कोथिंबिरीची एक जुडी २० रुपये, अशी मागणी नोंदविली असे धरू. एकूण ५०० रुपये झाले. दुकानाचा नियम असा की, ५०० रुपये किंवा त्याहून अधिक खरेदीवर घरपोच शुल्क नाही. त्याखाली ४० रुपये आकारले जातील. आता ही एकच मागणी हाती धरून पहिल्या स्क्रीनपासून शेवटच्या स्क्रीनपर्यंत जावयाचे आणि प्रत्येक ठिकाणी एकूण रक्कम काय होते ते लिहीत जावयाचे.

पहिल्या स्क्रीनवर रक्कम ५०० रुपये असून त्याखाली ‘घरपोच शुल्क नाही’ असे लिहिलेले आहे. दुसऱ्या स्क्रीनवर रक्कम दाखविलेलीच नाही. तिसऱ्या स्क्रीनवर ग्राहक पत्ता देतो आणि येथे पहिला दोष उघडकीस येतो. असे अ‍ॅप बहुधा गावभरच्या एकाच साठ्यातून माल देत नाही. पत्त्याला जवळ असलेल्या गोदामातून देते. म्हणजे कोणता माल मिळेल, हे पत्ता कळल्याखेरीज ठरत नाही. ग्राहकाने दिलेल्या पत्त्याच्या गोदामात दूध शिल्लक नाही, असे मानल्यास कार्टमधून ६० रुपये वजा होतात व खरेदी ४४० रुपयांवर येते. ती ५०० च्या खाली गेल्यामुळे ४० रुपये शुल्क लागू होते. आराखड्यात मात्र पत्त्याच्या स्क्रीनवरून निघणारा बाण सरळ वेळेच्या स्क्रीनकडे जातो. दूध नाही, हे सांगणारी चौकट कोठेही नाही. पाचव्या स्क्रीनच्या तळाशी ‘गरजूंसाठी १० रुपये’ अशी एक ओळ असून तिच्यापुढील खूण आधीच केलेली आहे. तिच्याखाली ‘४९० रुपये भरा’ असे बटण येते.

येथे परीक्षकाने क्षणभर थांबले पाहिजे. ५०० मधून ६० गेले, ४० आणि १० मिळाले, म्हणजे ४९० झाले. ग्राहकाने पहिल्या स्क्रीनवर ५०० पाहिले होते. शेवटी ४९० दिसत आहेत. रक्कम वाढली असती तर त्याला शंका आली असती. ती थोडी कमी झाल्यामुळे काही सवलत मिळाली असावी, असे समजून तो बटण दाबील. दूध आले नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी कळेल. आणि न मिळालेल्या दुधाच्या जागी ५० रुपये कशाचे गेले, हे कदाचित कधीच कळणार नाही. यातील कोणतीही एक स्क्रीन दोषी ठरविता येत नाही. दोष स्क्रीन व स्क्रीन यांच्यामधील बाणात आहे आणि शून्याच्या जागी खरे आकडे लिहिल्याखेरीज तो दिसत नाही.

या दोषाचे दोन भाग वेगळे करणे इष्ट आहे, कारण त्यांची कारणे वेगळी आहेत. दुधाचा भाग क्रमातून उद्भवला आहे. जी माहिती कार्टच्या खरेपणासाठी लागते ती कार्टनंतर विचारली गेली. उशिरा दिसणारे शुल्क आणि आधीच केलेली खूण यांचा संबंध मात्र कायद्याशी येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत नावानिशी दिलेल्या तेरा प्रकारांमध्ये ग्राहकाच्या संमतीवाचून चेकआउटच्या वेळी देणगीसारखी रक्कम बिलात घालणे आणि किमतीचे घटक आरंभी न सांगता पुढे उघड करणे, हे दोन्ही येतात. खूण आधीच करून ठेवण्यात आराखडा काढणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. एखाद्या जुन्या नमुन्यातून ती चौकट उचलली गेलेली असू शकते. परीक्षकाला हेतूचा निवाडा करावयाचा नसतो. ग्राहकाने काहीही न करता रक्कम बदलते काय, एवढेच त्याने पाहावे.

दुसरा मोठा दोष पाचव्या स्क्रीनच्या पुढे आहे. ग्राहक यूपीआयने पैसे देतो तेव्हा किराण्याचे अ‍ॅप मागे राहून पैसे देण्याचे दुसरे अ‍ॅप पुढे येते. तेथे पिन टाकल्यावर ग्राहक परत किराण्याच्या अ‍ॅपमध्ये येतो. परंतु पैसे मिळाल्याची खात्री दुकानाकडे त्याच क्षणी पोचेल, असा नेम नाही. खात्यातून रक्कम वजा झाली आहे आणि दुकानाला मात्र अद्याप काहीच कळलेले नाही, अशी तिसरी अवस्था नेहमी संभवते. आराखड्यात ‘यशस्वी’ व ‘अयशस्वी’ या दोनच चौकटी असल्यामुळे प्रोग्राम लिहिणारा या तिसऱ्या अवस्थेला नाइलाजाने दोहोंपैकी एकीत बसवील. ती ‘अयशस्वी’त गेली तर ग्राहकापुढे ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण येते आणि ४९० च्या ठिकाणी ९८० रुपये जाण्याची वाट मोकळी होते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली पण व्यापाऱ्याकडे खात्री पोचली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत व्हावी लागते. मात्र महिनाअखेरीस हातात मोजके पैसे असलेल्या घराला पाच दिवस हा काळ लहान नाही.

यावर उपाय म्हणजे तिसरी चौकट काढणे. तीत मागणीचा क्रमांक द्यावा, ‘पैशांची खात्री होत आहे’ असे स्पष्ट लिहावे, माल व वेळ किती मिनिटे राखून ठेवली आहे ते सांगावे आणि निकाल लागेपर्यंत पुन्हा पैसे देण्याचे बटण देऊ नये. ग्राहकाने अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडले तरी तो याच चौकटीत यावयास हवा. ‘किती मिनिटे’ या प्रश्नाचे उत्तर आराखडा काढणाऱ्याकडे नसते. ते गोदामाच्या व्यवस्थापकाला विचारावे लागते. चौकटीत मोकळी जागा राहिली म्हणजे तो प्रश्न कोणाला विचारावयाचा राहिला आहे, हेही कळून येते.

दोष सापडल्यावर तो कसा नोंदवावयाचा, हेही महत्त्वाचे आहे. ‘पत्त्याची स्क्रीन गोंधळात टाकते’ असे लिहिल्याने कोणाचेच काम होत नाही. नोंदीत ठिकाण, घटना, कारण आणि गांभीर्य या चार गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ : ‘तिसऱ्या स्क्रीनवरून चौथ्या स्क्रीनवर जाताना, न मिळणारा माल ग्राहकाला न सांगता वगळला जातो व शुल्क लागू होते, कारण गोदाम पत्त्यावरून ठरते आणि पत्ता कार्टनंतर विचारला आहे, गांभीर्य ४.’ गांभीर्यासाठी याकोब नीलसन यांची शून्य ते चार ही श्रेणी सोयीची आहे. तीत शून्य म्हणजे दोष नाही आणि चार म्हणजे वापरास देण्यापूर्वी दूर केलाच पाहिजे असा दोष. एकाच परीक्षकाला सर्व दोष दिसत नाहीत. म्हणून तीन ते पाच जणांनी परस्परांशी न बोलता परीक्षण करावे आणि मग नोंदी एकत्र कराव्यात.

सुधारलेल्या आराखड्यात पिनकोड कार्टच्या आधी विचारला जातो, रकमेचा तपशील पाचही स्क्रीनवर राहतो, देणगीची खूण ग्राहकावर सोडलेली असते आणि तिसरी चौकट आलेली असते. तरीही काम संपत नाही. तीच यादी पुन्हा एकदा आरंभापासून न्यावी लागते, कारण एका उपायातून दुसरी अडचण निघू शकते. येथे तसेच घडते. पिनकोड आरंभीच विचारल्याने ज्याला केवळ भाव पाहावयाचे आहेत त्याची वाट अडते. शिवाय पुण्यातील पिनकोड देऊन कार्ट भरणाऱ्याने ऐनवेळी सोलापुरातील आईवडिलांचा पत्ता दिला, तर मूळ प्रश्न जसाच्या तसा परत येतो. म्हणून पिनकोड आधी घेतला तरी, पत्ता बदलल्यावर कोणता माल गेला व रक्कम कशी बदलली हे दाखवून संमती घेणारी चौकट काढावीच लागते. पहिल्या उपायाने ती क्वचित लागेल, एवढेच साधते.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. उन्हात स्क्रीनवरील अक्षरे वाचता येतील काय, बटण अंगठ्याला सापडेल काय, मंद इंटरनेटवर स्क्रीन किती वेळ रिकामी राहील, यांची उत्तरे वायरफ्रेम देऊ शकत नाही. ‘भाजी निवडताना वजन थोडे कमीजास्त होईल’ हे वाक्य वाचून प्रत्यक्ष ग्राहक काय समजेल, हे परीक्षकाला तर्काने ठरविता येत नाही. त्यासाठी तोच रेषांचा आराखडा कागदावर उतरवून नेहमी किराणा भरणाऱ्या माणसांच्या हाती द्यावा लागतो. मात्र पहिल्या स्क्रीनवरचे ५०० रुपये शेवटच्या स्क्रीनवर ४९० कसे झाले, या प्रश्नासाठी रंगाची वा ग्राहकाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक यादी, एक पेन्सिल आणि प्रत्येक बाणापाशी केलेली बेरीज एवढ्यावर त्याचे उत्तर मिळते.