मेंढ्या नाहीत, मग पोरंच वळतो

कोथरूडमधल्या एका घरून मला बोलावणं आलं ते सहा वर्षांच्या मुलीच्या पोटरीवर उठलेल्या निळसर डागामुळे. तिचा भाऊ नऊ वर्षांचा आणि कुत्रा दहा महिन्यांचा. जात बॉर्डर कोली, नाव बंटी. "ताई, एरवी हा इतका गरीब असतो," आजी सांगत होत्या, "पण पोरं पळायला लागली की ह्याच्या अंगातच येतं." कुत्रा चावरा झालाय, देऊन टाका, असं शेजारी सांगून गेले होते.

त्यांच्याकडे मोबाइलवर एक व्हिडिओ होता. तो मी तीन वेळा पाहिला. मुलगी पळायला लागल्याबरोबर बंटीची मान खाली जाते, शेपूट खाली येते, पुढचा एक पाय उचललेला तसाच राहतो आणि नजर तिच्या पायांवर खिळते. मग तो निघतो, पण सरळ तिच्या अंगावर जात नाही. लांबून वळसा घेऊन मागे येतो, पुढच्या बारीक दातांनी टाचेजवळ चिमटा काढतो आणि लगेच मागे सरतो. मुलगी किंचाळत भावाकडे धावते. दोघं एका कोपऱ्यात आली की बंटी खाली बसतो आणि बघत राहतो. कळप गोळा झालेला असतो.

हे राग येऊन चावणं नव्हे, आणि खोडीही नव्हे. लांडग्याची शिकार एका ठरलेल्या क्रमाने चालते: भक्ष्य हेरायचं, नजर रोखायची, दबा धरून पुढे सरकायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं आणि खायचं. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या कुत्रे निवडताना या क्रमाचा पहिला भाग जोपासला आणि मारण्याचा भाग मागे पाडला. रेमंड कॉपिंजर या अमेरिकी अभ्यासकाने ही मांडणी फार स्पष्ट करून सांगितली आहे. बॉर्डर कोलीत नजर आणि दबा यांवर सगळा जोर असतो. इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमध्ये 1893 साली जन्मलेला ओल्ड हेम्प हा कुत्रा या जातीचा मूळ पुरुष मानला जातो, आणि त्याची ख्याती होती ती न भुंकता, नजरेच्या धाकाने मेंढ्या हलवण्याबद्दल.

गुरांचं मात्र वेगळं. अडून बसलेली गाय नजरेला भीक घालत नाही. म्हणून कॉर्गी आणि ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग या जाती मागून जाऊन खुरांच्या वर दात लावण्यासाठीच निवडल्या गेल्या. कॉर्गीचे पाय आखूड असल्याने गायीची लाथ त्याच्या डोक्यावरून जाते. अशा कुत्र्याला पळतं मूल दिसलं की त्याच्या दृष्टीने खूर आणि टाच यांत फारसा फरक उरत नाही.

आपल्या लोकांना हे नवं वाटतं त्याचंही कारण आहे. आपल्याकडे मेंढरं वळतो तो धनगर स्वतः. त्याची कुत्री मुख्यतः राखणीची असतात, लांडग्यापासून कळप सांभाळणारी. मेंढराच्या पायाला दात लावणारं कुत्रं तो वाड्यावर ठेवणार नाही. राखणारं कुत्रं आणि वळणारं कुत्रं ही दोन वेगळी घडण आहेत, आणि फ्लॅटमध्ये बॉर्डर कोली आणताना हे कोणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बंटीच्या घरी दोन गोष्टी उलट होत होत्या. मुलगी किंचाळून पळायची आणि वडील ओरडत मागे धावायचे. म्हणजे खेळात आणखी एक जण सामील झाला, असंच कुत्र्याला वाटणार. शिवाय त्याला दमवण्यासाठी ते रोज गच्चीवर तासभर चेंडू फेकत होते. दमणं राहिलं बाजूला, हलत्या वस्तूमागे सुसाट सुटायचा तो रोजचा सरावच होता. काहींनी नाकावर मारायला सांगितलं होतं. त्याने वृत्ती जात नाही. मुलं जवळ आली की मार बसतो, एवढंच कुत्रा शिकतो, आणि मग खरं चावणं सुरू होऊ शकतं.

पहिले दोन आठवडे मी एकच नियम घातला: मुलं धावणार असतील तेव्हा बंटी मोकळा नको. जाळीच्या दाराआड किंवा मोठ्या माणसाच्या हातात पट्टा. दर वेळी साधलेला चिमटा सवय पक्की करतो, म्हणून आधी ती संधीच बंद करायची. मुलांना 'झाड' शिकवलं. बंटी मागे लागला की जागच्या जागी थांबायचं, हात छातीशी घ्यायचे, खाली बघायचं आणि गप्प राहायचं. न हलणाऱ्या मेंढीत त्याला रस नसतो. पण सहा वर्षांचं मूल घाबरल्यावर हे लक्षात ठेवीलच असं नाही, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवली नाही.

मग काम. काम म्हणजे नुसती धावपळ नव्हे. त्याला सुरुवात हवी, शेवट हवा, आणि मधे स्वतःला आवरावं लागलं पाहिजे. मी लपाछपी निवडली, कारण त्यात मूल पळत नाही आणि कुत्र्याला डोळ्यांऐवजी नाक वापरावं लागतं. आई बंटीला सतरंजीवर बसवून धरायची. मुलगी चिकनचे चार बारीक तुकडे घेऊन चालत, न पळता, दाराआड उभी राहायची. आईने "शोध" म्हटलं की बंटी सुटायचा. सापडल्यावर मुलीने तुकडे हातातून न देता त्याच्या पुढ्यात जमिनीवर टाकायचे, म्हणजे तोंड खाली जातं, अंगावर येत नाही. पहिल्या दिवशी ती त्याच्या डोळ्यांदेखत लपली, आठवड्याने दुसऱ्या खोलीत, पुढे कपाटामागे. पाच-सहा फेऱ्या झाल्या की "बस, झालं", आणि परत सतरंजी. इंग्लंडचे मेंढपाळ काम संपताना कुत्र्याला असाच एक ठरलेला शब्द देतात. तो शब्द नसेल तर हा कुत्रा दिवसभर कामावरच राहतो.

दुसरं काम मुलाकडे दिलं: पसरलेली खेळणी नाव घेऊन टोपलीत टाकायला लावणं. या जातीची तेवढी कुवत नक्की आहे. अमेरिकेत जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी चेसर नावाच्या बॉर्डर कोलीला 1,022 खेळण्यांची नावं शिकवली होती. बंटीला महिन्यात पाच आली.

प्रत्येक चावा मात्र या खात्यात मांडू नये. मूल स्थिर बसलेलं असताना, ताटाजवळ किंवा झोपेतून उठवल्यावर कुत्रा गुरगुरत, अंग ताठ करून येत असेल, चेहऱ्याकडे किंवा हाताकडे जात असेल, रक्त काढत असेल, तर ते गुरं वळणं नव्हे. तिथे लपाछपी खेळायची नाही. पशुवैद्याला दाखवायचं, कारण दुखण्यानेही कुत्री अशी वागतात. आणि साधा ओरखडा उठला तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवून डॉक्टरांकडे जायचंच, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले. संध्याकाळचे सहा वाजले होते, खाली पोरांची पकडापकडी रंगात आली होती. बाल्कनीच्या जाळीशी बंटीची मान खाली गेली, एक पाय उचलला गेला. मुलगी आतून म्हणाली, "बंटी, शोध," आणि पडद्यामागे जाऊन उभी राहिली. त्याने क्षणभर खाली पाहिलं, मग नाक जमिनीला लावून आत वळला. खाली उतरताना मात्र त्याचा पट्टा अजून आईच्याच हातात असतो. सायकल गेली की तो आजही दबा धरतो.