भाव किती ठेवला तर तोटा नाही? चिन्हांच्या तक्त्याने काढा

समजा, तुमच्या चकलीच्या पाकिटाला ४० रुपये खर्च येतो आणि रोजचा ठरलेला खर्च ५०० रुपये आहे. भाव x रुपये ठेवला, तर रोज साधारण 100 − x पाकिटं खपतात. मग तोटा होऊ नये म्हणून:

(x − 40)(100 − x) − 500 ≥ 0

कंस सोडवून दोन्ही बाजूंना −1 ने गुणा. इथे चिन्ह उलटतं, ते विसरू नका:

x² − 140x + 4500 ≤ 0
(x − 50)(x − 90) ≤ 0

इथे बरेच जण "x ≤ 50 आणि x ≤ 90" असं लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. ५० आणि ९० या फक्त सीमा आहेत. त्यांनी भावाचे तीन भाग पडतात. प्रत्येक भागातला एकेक आकडा घालून फक्त चिन्ह बघा:

| x | x − 50 | x − 90 | गुणाकार |
|---|---|---|---|
| 45 | − | − | + |
| 70 | + | − | − |
| 95 | + | + | + |

आपल्याला शून्य किंवा ऋण हवंय, म्हणजे मधला भाग. उत्तर: 50 ≤ x ≤ 90. सीमाही धरायच्या, कारण तिथे ना नफा ना तोटा.

पडताळून बघा. ७० ला ३० पाकिटं, प्रत्येकी ३० रुपये सुटतात. ९०० मधून ५०० गेले, ४०० उरले. ९५ ला पाचच पाकिटं, २७५ सुटले, म्हणजे २२५ तोटा.

खपाचा अंदाज बदलला, तर सीमाही नव्याने काढा.