क्रिएटिनचा डबा आणि क्रिएटिनिनचा आकडा

हर्नडनमधल्या आपल्या अनेक घरांत हल्ली ओट्यावर चहा-साखरेच्या शेजारी आणखी दोन डबे असतात. एक व्हे प्रोटीनचा, दुसरा क्रिएटिनचा. मुलगा जिमला जायला लागला की ते येतात. पुढे वार्षिक तपासणीत त्याचे क्रिएटिनिन १.३ किंवा १.४ येते आणि पुण्याहून आजीचा फोन येतो, "अरे, त्याच्या किडनीला काही झालं का?"

घाबरण्याआधी हा आकडा कुठून येतो ते पाहू. क्रिएटिन आपले शरीर स्वतः बनवते, थोडे मांस-मासळीतूनही मिळते. स्नायूंत साठलेल्या क्रिएटिनपैकी दीड-दोन टक्के रोज आपोआप क्रिएटिनिन होते आणि मूत्रपिंडे ते लघवीतून बाहेर टाकतात. बेसिनमध्ये पाणी चढले तर मोरी तुंबली असेल किंवा नळ मोठा सोडला असेल. रक्तातला आकडा यातले कोणते, हे सांगत नाही. रिपोर्टवरचा ईजीएफआर बहुधा याच आकड्यावरून काढलेला असतो, म्हणून तोही सोबत घसरलेला दिसतो.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१० साली एका विशीतल्या तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला एकच मूत्रपिंड होते. पाच दिवस रोज २० ग्रॅम आणि पुढचे ३० दिवस रोज ५ ग्रॅम क्रिएटिन त्याने घेतले. क्रिएटिनिन १.०३ वरून १.२७ झाले. पण शरीरात सोडलेला खुणेचा पदार्थ मूत्रपिंड किती वेगाने गाळते हे थेट मोजले, तेव्हा आधी ८१.६ आणि नंतर ८२ आले. नळ मोठा झाला होता, मोरी मोकळीच होती. अर्थात हा एकच माणूस, तोही ३५ दिवस. निरोगी व्यायामपटूंवरच्या इतर अभ्यासांतही रोजच्या ३ ते ५ ग्रॅमने नुकसान दिसलेले नाही. मात्र ज्याला मूत्रपिंडाचा आजार आधीच आहे, त्याला ही ग्वाही लागू नाही. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये अशाच एका रुग्णाची नोंद आली होती. क्रिएटिन घेताना त्याचे काम खालावले आणि बंद केल्यावर सुधारले.

म्हणून डॉक्टरांना डब्याबद्दल आधीच सांगावे. मुले हे सांगत नाहीत, आणि विचारले तर "फक्त प्रोटीन" म्हणतात! काही आठवडे क्रिएटिन थांबवून, आदल्या दिवशी जोरदार व्यायाम न करता, तपासणी पुन्हा करता येते. किंवा सिस्टॅटिन-सी मागावे. ते स्नायूंवर किंवा क्रिएटिनवर फारसे अवलंबून नसते. सोबत लघवीतले अल्ब्युमिन पाहावे. ते वाढलेले असेल, तर दोष पावडरीच्या माथी मारून गप्प बसू नये.

माझी खरी काळजी मुलाची नाही, त्याच्याच डब्यातला चमचा दुधात घालणाऱ्या बाबांची आहे. निरोगी मूत्रपिंड जास्तीचे प्रोटीन पेलते. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने मूत्रपिंड थकले असेल, तर डॉक्टर साधारणपणे किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास राहायला सांगतात. सत्तर किलोच्या बाबांना दिवसाचे ५६ ग्रॅम झाले, आणि व्हेच्या एका मापातच २० ते २५ ग्रॅम असतात. वरण, दही, पनीर त्यानंतर मोजायचे.