उपवास एकादशीचा, गोळी रोजचीच

एकादशीच्या सकाळी औषधांचा डबा उघडला की घरोघरी एकच प्रश्न निघतो: आज गोळी घ्यायची की नाही? उपवास मोडेल ही धास्ती असेल, तर ती मनातून काढून टाकावी. व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी धर्मशास्त्राने सांगितल्या आहेत. त्यांत पाणी आहे, दूध आहे आणि औषधही आहे. खरा प्रश्न गोळीचा आहे. तिला पोटात अन्न लागतं, की नुसतं पाणी पुरतं?

साठीच्या एखाद्या बाईंचा डबा पाहू. त्यात थायरॉईडची, मधुमेहाच्या दोन आणि रक्तदाबाची एक अशा गोळ्या आहेत. शिवाय आठवड्यातून एकदा हाडांसाठी ॲलेंड्रोनेट.

थायरॉईडची गोळी सगळ्यांत सोपी. ती रिकाम्या पोटी, पाण्याबरोबरच घ्यायची असते आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. त्यामुळे उपवासाचा तिला काहीच अडसर नाही.

अडचण मधुमेहाच्या गोळ्यांत आहे आणि दोन्ही गोळ्यांचा स्वभाव वेगळा आहे. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाही. रिकाम्या पोटी मळमळ किंवा जुलाब होतात, म्हणून ती खाण्याबरोबर घ्यायची. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा किंवा नसा. तिचा परिणाम जवळजवळ दिवसभर टिकतो.

आता बाईंची सकाळ बघा. दशमीला रात्री साडेआठला जेवण झालं. एकादशीला आठ वाजता सवयीने ग्लिमेपिराइड घेतली, वर कपभर चहा. खिचडी पूजा आटोपल्यावर, म्हणजे साडेअकराला. साडेदहाच्या सुमारास हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, बोलणं तुटक होतं. घरातले म्हणतात, ‘पित्त झालं असेल, जरा पडून राहा.’ घात होतो तो इथे. अशा वेळी घरातल्या यंत्रावर साखर तपासावी. ७० च्या खाली आकडा आला तर उपवास तिथेच थांबवावा. यंत्र नसेल आणि लक्षणं अशी असतील, तरीही वाट बघू नये.

तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्यावी. शेंगदाण्याचा लाडू देऊ नये. त्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं आणि अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. बरं वाटलं की पोटभर खायला घालावं, कारण गोळीचा अंमल अजून बाकी असतो. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड अधू असेल तर साखर पुन्हा घसरते, म्हणून डॉक्टरांना कळवावंच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

याच्या उलटही घडतं. ‘आज उपवास’ म्हणून गोळ्या बंद, आणि ताटात साबुदाणा, बटाटा, रताळं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दुपारी साखर तीनशेला टेकते आणि बाईंना वाटतं, काही खाल्लंच नाही! म्हणून डॉक्टरांकडे आठवडाभर आधी जावं आणि ‘उपवास आहे’ एवढंच सांगू नये. किती वाजता काय खाणार, तेही सांगावं. त्यावरून ते ग्लिमेपिराइड त्या दिवशी कमी करायची, पहिल्या खाण्यापर्यंत पुढे ढकलायची की वगळायची हे ठरवतील. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ते मनाने पूर्ण बंद करणं फार धोक्याचं.

हरतालिकेचा निर्जळ उपवास हे वेगळंच प्रकरण. तिथे अडतं ते पाण्यापाशी. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल (पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड असं नाव असतं), तर एकीकडे पाणी बाहेर जातं आणि दुसरीकडे आत येत नाही. मग उठताना अंधारी येते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी तर लघवीतून साखर आणि पाणी दोन्ही काढते. उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप ही तिची खूण. ही गोळी उपवासाआधी किती दिवस थांबवायची, ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

ॲलेंड्रोनेटला तर पेलाभर साधं पाणी हवंच आणि त्यानंतर अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. घोटभर पाण्यावर ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. आठवड्याची गोळी आहे, निर्जळाच्या दिवशी येत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी.

फिट्सची किंवा रक्त पातळ करणारी गोळी मात्र कुठल्याच व्रतासाठी आपल्या मनाने चुकवू नये.

द्वादशीला पारणं सोडताना काहीजण कालची राहिलेली आणि आजची अशा दोन गोळ्या एकदम घेतात. ग्लिमेपिराइडच्या बाबतीत असं केलं तर वरणभात जेवूनही संध्याकाळपर्यंत साखर घसरू शकते. राहिलेली राहू द्यावी आणि आजची एकच, जेवणाबरोबर घ्यावी.